आठ पेट्या कमी, गाडी डॉकवर

गोदाम सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखतीला येणारा उमेदवार बहुतेक वेळा तीन उत्तरं पाठ करून येतो. स्टॉकची अचूकता किती ठेवलीत, असं विचारलं की "98 टक्के, सर." गाड्या उशिरा का सुटतात, असं विचारलं की "ट्रान्सपोर्टर वेळेवर गाडी लावत नाही." हमाल कसे सांभाळता, यावर "प्रेमानं, पण थोडा धाक ठेवून." तिन्ही उत्तरं ऐकायला बरी वाटतात, पण त्यांवरून हा माणूस कधी डॉकवर उभा राहिलाय की नाही, हेसुद्धा कळत नाही. म्हणून भिवंडीत या मुलाखती घेताना मी हे तीन प्रश्न सुटे सुटे विचारणं सोडून दिलंय. एक प्रसंग सांगतो आणि विचारतो, आता तुम्ही काय कराल?

प्रसंग असा. बुधवारची संध्याकाळ, सातला दहा मिनिटं कमी. नागपूरच्या वितरकाची गाडी डॉकला लागलेली आहे. आंघोळीच्या साबणाच्या, गुलाबाच्या वासाच्या 600 पेट्या तिच्यात जायच्या आहेत. बाकी सगळा माल भरून झालाय, गुलाबाच्या मात्र 592 पेट्याच निघाल्या. आठ कमी. बिल 600 चं झालंय, ई-वे बिल निघालंय, ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी येऊन तोंड दाखवतोय आणि टोळीचे लोक डॉकच्या कडेला पाय सोडून बसलेत. तुम्ही सुपरवायझर आहात.

ज्यांनी भिवंडीची गोदामं फक्त मुंबई-नाशिक महामार्गावरून जाताना पाहिली असतील, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मुंबईत जकात होती तेव्हा माल शहराच्या हद्दीबाहेर उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, ही व्यापाऱ्यांची सोय होती. त्या सोयीपोटी मानकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा, वळ, दापोडे अशा गावांच्या शेतजमिनींवर गाळे उभे राहिले. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र राहिली आणि वाढतही गेली. आता एका कंपनीचा राज्यभराचा, कधी देशाच्या सगळ्या पश्चिम भागाचा माल इथल्या एका छपराखाली असतो. अशा गोदामात मॅनेजर दिवसा भेटतो. रात्री दोन वाजता गाडी लागते तेव्हा कंपनीचा म्हणावा असा माणूस एकच असतो, सुपरवायझर.

आता आठ पेट्यांकडे येऊ. उमेदवारांचं सगळ्यात जास्त वेळा येणारं उत्तर म्हणजे, "सर, आधी सीसीटीव्ही बघेन." त्याच्या पाठोपाठ येतं, "हमालांना विचारेन." म्हणजे चोरी झाली, हे मनात धरूनच शोध सुरू होतो. थोडे जण म्हणतात, "आठ पेट्या शोधायला दोन माणसं लावेन." हे त्यातल्या त्यात बरं, पण ही दोन माणसं रात्रभर शोधतील आणि आठ पेट्या सापडणार नाहीत. कारण हरवलेल्या पेट्या आठ नाहीतच.

एकदा शहापूरकडचा एक मुलगा आला होता. वाणिज्य शाखेचा पदवीधर, एका औषध कंपनीच्या गोदामात चेकर म्हणून काम केलेला. त्यानं प्रसंग ऐकून घेतला आणि उलट मलाच विचारलं, "सर, 592 काढल्यावर गुलाबाची जागा रिकामी झाली का?"

"झाली."

"मग सिस्टिम आता तिथे किती दाखवतंय?"

"48."

तो थोडा थांबला. "एका पॅलेटवर किती पेट्या बसतात?"

एका थरात आठ, असे सहा थर. 48. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं की पुढचं सांगायची गरज नाही. ऑर्डरच्या दिवशी सिस्टिममध्ये 640 पेट्या होत्या, जमिनीवर 592. मागणी 600 ची असल्यामुळे डॉकवर तूट आठची दिसली. खरी तूट होती अख्ख्या पॅलेटची. मागणी 590 ची असती तर त्या दिवशी कुणाला पत्ताही लागला नसता आणि गाडी वेळेवर सुटली असती. फरक कधीच्या काळी पडलेला असतो, तो दिसतो मात्र भलत्याच दिवशी, भलत्याच आकड्याच्या रूपात आणि भलत्याच माणसाच्या पाळीत. स्टॉकच्या चुका शोधताना लोक चकतात ते इथेच.

फरकाचा आकडा पुष्कळ काही सांगतो. तो बरोबर पॅलेटएवढा किंवा त्याच्या पटीत असेल, तर माल चुकीच्या जागी लागलाय, आवक दोनदा चढलीय किंवा अख्खं पॅलेट बिलाशिवाय गाडीत गेलंय, या तीन शक्यता आधी पाहायच्या. फरकाला नऊनं नि:शेष भाग जात असेल, तर 63 च्या जागी 36 असे अंक उलटसुलट लिहिले गेलेत का, ते तपासायचं. हिशेबनीस मंडळींची ही जुनी युक्ती गोदामातही चालते. एकदोन पेट्यांचा फरक असेल, तर फुटलेला माल बाजूला काढून ठेवलाय पण नोंद केली नाही, असं असू शकतं. चोरीचा फरक सहसा असा गोल येत नाही. आणि 48 पेट्या म्हणजे सहाएकशे किलो माल, तो गेटवरच्या तपासणीतून कुणी डब्याच्या पिशवीतून नेत नाही.

मग ते पॅलेट कुठे होतं? त्यासाठी आदल्या रात्री जावं लागतं.

मंगळवारी रात्री पावणेनऊला कारखान्याहून गाडी आली. आपल्याकडे अशा गाडीत पेट्या सुट्या रचलेल्या असतात. टोळी त्या हातांनी उतरवते, डॉकवर लाकडी पॅलेटवर थर लावते, मग स्टॅकरवाला ते पॅलेट उचलून रॅकमध्ये ठेवतो. या गाडीत गुलाबाच्या 480 पेट्या होत्या, म्हणजे दहा पॅलेट. दुपारची पाळी दहाला सुटते. दहाच्या आत नऊ पॅलेट रॅकमध्ये गेले. दहावं डॉकवर तयार होतं, पण त्यावर लेबल लावायचं राहिलं होतं. संगणकावर बसणाऱ्या क्लार्कला घरी जायचं होतं, शेवटची शेअर रिक्षा चुकली की त्याला चालत जावं लागतं. त्यानं चलनावरचा 480 चा आकडा घेऊन आवक पूर्ण झाल्याची नोंद केली, सगळा माल जागेवर लागलाय असंही टाकलं आणि निघाला. त्याच्या दृष्टीनं त्यात खोटं काही नव्हतं, माल गोदामात आलेलाच होता.

रात्रपाळीच्या स्टॅकरवाल्याला डॉकवर एक बेवारस पॅलेट दिसलं. स्कॅनर मारून पाहिला तर त्याच्यासाठी काहीच काम शिल्लक नाही, कारण सिस्टिमच्या लेखी ते आधीच रॅकमध्ये होतं. पेटी लालसर रंगाची. त्याच कंपनीच्या चंदन साबणाची पेटीही लालसरच असते. चंदनाच्या शेजारचा खण रिकामा होता. त्यानं डॉक मोकळा केला. पुढची गाडी लागायची होती, त्यामुळे त्याच्या हिशेबी हे चांगलंच काम झालं.

म्हणजे बुधवारी सकाळी गुलाबाच्या जागी जुन्या 160 आणि नव्या 432 मिळून 592 पेट्या होत्या, कागदावर 640. चंदनाच्या कागदावर 336, प्रत्यक्षात 384. दोन्ही साबणांची किंमत एकच. आता त्या 98 टक्क्यांकडे पाहा. महिनाअखेर कंपनीचा हिशेब तपासनीस आला आणि त्यानं एकूण मालाची किंमत कागदाशी ताडून पाहिली, तर फरक किती? शून्य. गुलाबाचे उणे 48 आणि चंदनाचे अधिक 48 एकमेकांत जिरून गेले. कागदावर अचूकता 100 टक्के, आणि नागपूरची गाडी डॉकवर अडकलेली.

म्हणून उमेदवारानं 98 म्हटलं की मी विचारतो, कशाचे 98? एकूण किमतीचे, की जागांचे? जागांची अचूकता काढायची पद्धत अगदी साधी आहे. 200 खण मोजायचे. ज्या खणात तोच माल आणि तितकाच माल सापडेल, तो बरोबर. एका पेटीचा फरक असला तरी तो खण चूक. 190 बरोबर निघाले तर 95 टक्के. यात अधिक-उणे एकमेकांत जिरवता येत नाही. हा आकडा नेहमी किमतीच्या आकड्यापेक्षा कमी भरतो, म्हणून बैठकीत तो कुणी स्वतःहून सांगत नाही. गाडी वेळेवर सुटेल की नाही, हे मात्र तोच सांगतो.

वर्षातून एकदा गोदाम बंद ठेवून सगळा माल मोजायचा, हा जुना रिवाज. त्यातून मार्च महिन्यातला फरक कळतो, पण तो जूनमध्ये पडला की डिसेंबरमध्ये, हे कळायला काही मार्ग उरत नाही. त्यापेक्षा रोज थोडे खण मोजत राहणं बरं. जो माल झपाट्यानं फिरतो तो महिन्याला एकदा, मधला तीन महिन्यांनी, पडून राहणारा वर्षातून एकदोनदा. मोजणाऱ्याच्या हातात सिस्टिमचा आकडा द्यायचा नाही, हे महत्त्वाचं. आकडा समोर असला की माणूस थर मोजत नाही, 336 वाचतो आणि 336 लिहितो. मोजणी करायची ती पहाटेची पाळी सुरू होताना, डॉक शांत असतात तेव्हा. माल हलत असताना केलेली मोजणी भांडणं लावण्यापलीकडे काही करत नाही.

आणखी एक सापळा असतो. आठ पेट्या कमी आहेत, गाडी थांबलीय, वरून फोन येतायत. अशा वेळी सोपा उपाय म्हणजे सिस्टिममध्ये 48 ची कमी-जास्त नोंद करून हिशेब जुळवून टाकणं. याला सगळे सरळ 'अ‍ॅडजस्टमेंट' म्हणतात. एक बटण दाबलं की फरक नाहीसा होतो. पण माल रॅकमध्ये आहेच. तो तीन महिन्यांनी चंदनाच्या मोजणीत सापडतो आणि तेव्हा उलटी नोंद करावी लागते. शिवाय हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा हिशेबातून काढून टाकलेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट जीएसटी कायद्याप्रमाणे परत करावं लागतं. म्हणजे सुपरवायझरनं घाईत दाबलेल्या बटणाची कर विभागापर्यंत पोचणारी बाजू आहे. शहापूरच्या मुलानं याबाबत ठाम सांगितलं, "आधी चंदन मोजेन. जागा बदलल्याची नोंद करेन. अ‍ॅडजस्टमेंट शेवटी, आणि ती माझ्या सहीनं नाही." मला हे आवडलं.

आता गाडीकडे. नागपूरची ही गाडी दुपारी 1 वाजून 40 मिनिटांनी गेटवर आली आणि रात्री 9 वाजून 20 मिनिटांनी बाहेर पडली. 7 तास 40 मिनिटं. "ट्रान्सपोर्टर वेळेवर गाडी लावत नाही" म्हणणाऱ्या उमेदवाराला मी हा हिशेब कागदावर मांडून देतो. डॉकला लागली 4.15 ला. भरायला सुरुवात 5 ला. भरून झाली 6.50 ला. म्हणजे हमालांनी काम केलं तो वेळ 1 तास 50 मिनिटं. उरलेले जवळपास सहा तास कुणीही एकसुद्धा पेटी उचलत नव्हतं.

पहिले अडीच तास डॉक रिकामा नव्हता म्हणून गेले. तिथे आवकीची एक गाडी अर्धी उतरवून थांबली होती. दोनला पाळी बदलली, नव्या पाळीची हजेरी झाली, चहा झाला, जुन्या टोळीनं किती उतरवलं यावर घासाघीस झाली, आणि काम पुन्हा सुरू व्हायला पाऊण तास गेला. नंतरची पंचेचाळीस मिनिटं गाडी डॉकला लागूनही माल पुढे काढून ठेवलेला नव्हता म्हणून. शेवटचे अडीच तास त्या आठ पेट्यांचे. त्यातला एक तास शोधाशोध आणि फोनाफोनीत गेला. शेवटी ठरलं की 592 च पाठवायच्या. मग 600 चं बिल रद्द करा, नवं करा, जुनं ई-वे बिल रद्द करा, नवं काढा, त्यात गाडीचा नंबर भरा.

ई-वे बिलाबद्दल सामान्य वाचकाला एवढं ठाऊक असलं तरी पुरे. राज्यात एक लाख रुपयांवरचा माल रस्त्यानं न्यायचा तर हे इलेक्ट्रॉनिक कागद लागतं. त्याचे दोन भाग असतात, एकात मालाची माहिती, दुसऱ्यात गाडीचा नंबर. मालाचा भाग एकदा झाला की त्यात दुरुस्ती करता येत नाही, 24 तासांच्या आत रद्द करून नवं काढावं लागतं. रस्त्यात तपासणी झाली आणि बिलात 600, गाडीत 592 सापडल्या, तर प्रश्न ड्रायव्हरला विचारतात. म्हणून "आठ नंतर पाठवू, आता जाऊ दे गाडी," हे उत्तर देणाऱ्या उमेदवाराची मी तिथेच फुली मारतो.

खरा दोष कामाच्या क्रमात आहे. माल रॅकमधून काढायचा, डॉकपुढे मांडायचा, मोजायचा, मग बिल करायचं, मग भरायचा, हा क्रम पाळला असता तर आठची तूट पाच वाजता कळली असती, बिल 592 चंच झालं असतं आणि गाडी सातला बाहेर पडली असती. पण विक्री विभागाला बिलं दुपारीच हवी असतात, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर सकाळीच. बिल झालं की विक्री झाली, अशी त्यांची मोजणी असते. त्यामुळे आधी बिल आणि मग माल, अशी उलटी गंगा कितीतरी गोदामांत वाहते. सुपरवायझर एकट्यानं ती फिरवू शकत नाही. पण गेट, डॉक, भरणं सुरू, भरणं पूर्ण, गेटबाहेर, अशा पाच वेळा तो प्रत्येक गाडीच्या कागदावर लिहू शकतो. महिनाभराचे असे कागद मॅनेजरपुढे ठेवले की उशीर कुठे होतो यावर वाद उरत नाही. ट्रान्सपोर्टर वेळ गेटपासून मोजतो, गोदाम डॉकपासून मोजतं आणि हॉल्टिंगच्या पैशांचं भांडण नेमकं या दोहोंच्या मध्ये होतं. पाच वेळा लिहिलेल्या असल्या की तेही लवकर मिटतं.

गंमत अशी की भिवंडीजवळच्या आमण्याहून नागपूरपर्यंत 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 पासून पूर्ण खुला आहे. अवजड वाहनाला तिथे ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे न थांबता गेली तर गाडीला नागपूरला पोचायला साधारण नऊ तास. आणि गोदामाच्या दारात ती पावणेआठ तास उभी.

तिसरा प्रश्न हमालांचा. यावर उमेदवार सगळ्यात कमी तयारी करून येतात, कारण त्यांना वाटतं की यात तयारी करण्यासारखं काही नसतं. वास्तविक सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

महाराष्ट्रात डोक्यावर-पाठीवर ओझं वाहणाऱ्यांसाठी 1969 साली माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीचं ते फळ. या कायद्यानं कामगारांची नोंदणी करणारी मंडळं आली. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, आणि कामगाराला मजुरीबरोबर भविष्य निर्वाह निधी, सुट्टीचा पगार यांसारखे लाभ मंडळाकडून मिळतात. नोंदणी झालेल्या कामगारांची टोळी असते, टोळीला मुकादम असतो. अनेक गोदामांत अशी टोळी आहे. अनेक ठिकाणी ठेकेदाराचे, उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेले लोडर आहेत. काही ठिकाणी दोन्ही आहेत आणि कुठल्या गाडीला कुणी हात लावायचा, हे ठरलेलं असतं. नव्या सुपरवायझरनं पहिल्या दिवशी हे समजून घेतलं नाही, तर दुसऱ्या दिवशी काम बंद पडू शकतं.

पण मुद्द्याची गोष्ट मजुरी कशी मोजतात ही आहे. सुपरवायझर, चेकर, क्लार्क यांना पगार महिन्याचा. टोळीला सहसा मजुरी नगावर किंवा टनावर. म्हणजे आठ तासांची पाळी ही ऑफिसच्या माणसांची. टोळीच्या लेखी दिवस गाड्यांचा असतो. गाडी डॉकवर अडीच तास थांबली की सुपरवायझरचा पगार चालू असतो, टोळीची कमाई थांबलेली असते. मग ती पुढच्या गाडीवर वेळ भरून काढते. पेट्या फेकल्या जातात, जड पेटीखाली हलकी दबते, थर नीट लागत नाहीत आणि मोजणारा मागे पडतो. "हमाल घाई करतात, सर," अशी तक्रार करणाऱ्याला मी विचारतो, त्याआधी त्यांना किती वेळ बसवून ठेवलं होतं?

इथूनच मंगळवारच्या रात्रीकडे परत जाता येतं. पावणेनऊला आलेल्या गाडीवर दुपारच्या टोळीनं एवढी घाई का केली? कारण दहाच्या आत ती पूर्ण केली नसती, तर उरलेल्या पेट्या रात्रीच्या टोळीनं उतरवल्या असत्या आणि गाडीची मजुरी कशी वाटायची यावर वाद झाला असता. हा वाद टाळण्यासाठी टोळी दोनच गोष्टी करते. नऊनंतर आलेल्या गाडीला हात लावत नाही, नाहीतर लावलाच तर पळत सुटते. दोन्ही गोदामाला महागात पडतं. उपाय एकच, आणि तो कागदाचा आहे. पाळी बदलताना गाडी अर्धी असेल, तर पूर्ण रांगेवर काम थांबवायचं, मध्येच नाही. उतरलेल्या पेट्यांचा आकडा दोन्ही मुकादम आणि दोन्ही चेकर यांनी मिळून मोजायचा, गाडीच्या कागदावर लिहायचा, चौघांच्या सह्या घ्यायच्या. त्या आकड्यावर मजुरी वाटली जाणार, म्हणून दोन्ही मुकादम तो डोळ्यांत तेल घालून मोजतात. इतकी प्रामाणिक मोजणी कुठलाही पगारी चेकर करणार नाही. "साडेतीनशे गेल्यात बघ," असं तोंडी सांगून निघून गेलेल्या पाळीचा फरक मात्र पुढे कुणाच्याही बापाला सापडत नाही.

मुकादमाची वही ही गोदामातली सगळ्यात दुर्लक्षित नोंद आहे. खिशात मावणारी, तेलकट, पेन्सिलीनं लिहिलेली. तिच्यात गाडीचा नंबर आणि नग असतात, कारण त्यावर त्याचे पैसे येतात. आठ पेट्यांच्या प्रसंगात ती वही मागितली असती, तर पाच मिनिटांत कळलं असतं की दुपारच्या टोळीनं 480 उतरवल्या, म्हणजे दहावं पॅलेट गाडीतून खाली आलं होतं. कारखान्यानं कमी पाठवलं, ही शक्यता तिथेच संपली. माल गोदामातच आहे, हे पक्कं झालं. आता फक्त सारख्या दिसणाऱ्या पेट्यांची जागा पाहायची. आणि ज्याच्यावर संशय घ्यायला निघालो होतो, त्याच्याच वहीनं गोदामाचा हिशेब लावून दिला असता.

शहापूरच्या मुलाला ही वही ठाऊक नव्हती. औषधांच्या गोदामात माल हलका, टोळी नसते, मजुरी पगारी. तसं त्यानं सांगितलं आणि विचारलं, "मुकादम वही दाखवतील का?" दाखवतात, पण सुपरवायझर हमालाला थेट ओरडत असेल तर नाही. काम मुकादमाला सांगायचं, हमालाला मुकादम सांगतो. गाडी उशिरा येणार असेल तर तसं आधी कळवायचं, म्हणजे टोळी दुसऱ्या गाळ्यावर चार पैसे कमावून येते. पत्र्याखाली एप्रिलमध्ये दुपारी काम करणाऱ्यांना डॉकजवळ गार पाणी आणि पंखा लागतो. गावच्या यात्रेला सातारकडची टोळी जाणार, होळीला आणि छठला उत्तरेकडचे लोडर जाणार, हे पंचांगात आधीच छापलेलं असतं. तरी दर वर्षी त्या आठवड्यात "माणसं नाहीत" म्हणून गाड्या अडतात.

त्या जागेसाठी मी त्याचीच शिफारस केली. त्याला सगळी उत्तरं आली म्हणून नव्हे. आठ पेट्या ऐकल्यावर त्यानं माणसाआधी आकड्यावर संशय घेतला म्हणून.

गोदामं चालवणाऱ्या मंडळींना मात्र एक विनंती आहे. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी एक पाळी दहाला संपते आणि दुसरी दहालाच सुरू होते. जाणारा आणि येणारा गेटवर एकमेकांना हात दाखवतात, एवढाच त्यांचा संबंध. दोन्ही पाळ्यांचे सुपरवायझर, चेकर आणि क्लार्क यांना अर्ध्या तासाचा सामाईक वेळ द्या, त्याचे पैसे द्या, आणि त्या अर्ध्या तासात डॉकवर फिरून उभ्या गाड्या व बेवारस पॅलेट यांची यादी दोघांच्या सहीनं करायला लावा. महिनाभर करून पाहा आणि हॉल्टिंगची बिलं आधीच्या महिन्याशी ताडून बघा.